बसस्थानकांबाहेरील अंडा-राईसच्या गाडीचालकांस खुले पत्र: आच काय मारते आणि काय मारू शकत नाही

प्रति,
बसस्थानकांबाहेर अंडा-भुर्जी व चायनीजच्या हातगाड्या चालवणाऱ्या बंधू-भगिनींच्या संघटना,
महाराष्ट्र

सप्रेम नमस्कार, वि. वि.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करून मी निवृत्त झाले आहे. जुलाब-उलट्यांनी आजारी पडलेल्यांचे शौचाचे नमुने तपासून त्यांत कोणता जंतू वाढतो हे पाहणे, हे त्या कामातले माझे रोजचे. आपल्या गाड्यांवर मी स्वतः जेवते. रात्री अकरा वाजता बसमधून उतरलेल्या माणसाला साठ-सत्तर रुपयांत गरम घास देणारे दुसरे कोणीही नसते, याची मला पूर्ण जाणीव आहे, आणि म्हणूनच हे पत्र गाड्या बंद करा असे सांगण्यासाठी लिहिलेले नाही.

गेल्या मे महिन्यात माझ्या बहिणीचे पाच जणांचे कुटुंब विदर्भातून पुण्याला रात्रीच्या बसने येत होते. साडेदहाच्या सुमारास बस एका स्थानकावर थांबली आणि बाहेरच्या गाडीवर सर्वांनी खाऊन घेतले. बहीण आणि मेहुण्यांनी भुर्जी-पाव घेतला, तर तिन्ही मुलांनी अंडा फ्राईड राईस. दीडच्या सुमारास चौदा वर्षांच्या भाचीला उलटी झाली आणि तीन वाजेपर्यंत तिघेही खिडकीशी वाकून बसले होते. ताप कोणालाही नव्हता, जुलाबही जवळजवळ नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिघे उठून बसले. बहिणीने सकाळी फोनवर पहिलेच वाक्य उच्चारले ते असे: "ताई, त्या गाडीवाल्याची अंडी खराब होती."

अंडी बहिणीने आणि मेहुण्यांनीही खाल्ली होती, त्याच गाडीवरची आणि त्याच ट्रेमधली, आणि ते दोघे ठणठणीत होते. मुलांच्या ताटात वेगळे होते ते भात. शिवाय खाल्ल्यापासून तीन तासांत उलटी, ताप नाही आणि दिवसभरात आराम, हा अंड्यातल्या साल्मोनेला नावाच्या जंतूचा स्वभावच नव्हे. साल्मोनेला पोटात गेल्यावर आतड्यात वाढतो, त्याला वेळ लागतो. बहुतेकांना बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हातरी पोटात मुरडा, जुलाब आणि ताप सुरू होतो आणि तो आजार चार ते सात दिवस चालतो. प्रयोगशाळेचा पुरावा माझ्या हाती नव्हता, परंतु वेळ, लक्षणे आणि कोणी काय खाल्ले हे तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते. दोष भाताकडे जात होता. तो गाडीवाला उद्या अंड्यांचा व्यापारी बदलेल आणि भात आहे तसाच ठेवील, ही चिंता मला हे पत्र लिहायला लावते आहे.

आपल्यापैकी अनेकांशी बोलताना एक वाक्य मला हमखास ऐकू येते: "मॅडम, आमच्या भट्टीची आच बघा, त्या आचेत काय जिवंत राहणार?" अंड्याच्या बाबतीत हे वाक्य बरेचसे खरे आहे. भाताच्या बाबतीत ते खोटे आहे, आणि या फरकाकडे दुर्लक्ष होते म्हणूनच लोक आजारी पडतात.

तांदळाबरोबर शेतातल्या मातीतून बॅसिलस सेरिअस नावाचा जंतू येतो. तो बीजाणूच्या रूपात असतो, म्हणजे स्वतःभोवती जाड कवच करून निजलेला. तांदूळ धुतल्याने तो पूर्ण जात नाही आणि उकळल्याने मरत नाही. उलट भात शिजून निवू लागला की ती ऊब त्याला जागे करते. ओलसर, पिठूळ आणि कोमट भात हे त्याच्या वाढीचे सर्वांत आवडते ठिकाण होय. वाढताना त्याच्या काही जाती भातात एक विष सोडतात, ज्याला सेरुलाइड म्हणतात. या विषाला वास नाही, चव नाही आणि रंगही नाही. मुख्य म्हणजे ते १२० अंश सेल्सिअसच्या पुढे तासभर तापवले तरी नष्ट होत नाही. तुमच्या कढईत भात दोन-तीन मिनिटे परतला जातो. त्या आचेत जंतू मरतील, पण त्यांनी आधीच करून ठेवलेले विष ताटात जसेच्या तसे जाईल. म्हणून भाताची सुरक्षितता कढईत ठरत नाही. ती दुपारी भात शिजवल्यापासून रात्री कढईत पडेपर्यंतच्या तासांत ठरून गेलेली असते.

ते तास कसे जातात हे मी एका गाडीवाल्यांच्या परवानगीने पाहिले. त्यांनी दुपारी तीन वाजता घरी दोन किलो तांदूळ शिजवला, गाळून निथळू दिला, वाफ थोडी गेल्यावर झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात दाबून भरला आणि पाच वाजता गाडीवर आणला. रात्री आठ वाजता मी त्या डब्यात टोक खुपसायचा तापमापक घातला. कडेला ३४ अंश होते आणि मधोमध ४३. हात लावला तर वरचा भात गारच लागत होता, म्हणून ते मला म्हणाले, "बघा, थंड आहे." वरच्या थरावरून त्यांचा अंदाज चुकत नव्हता, पण डब्याच्या पोटात पाच तासांनंतरही ऊब कोंडलेली होती. ३० ते ४५ अंशांच्या मधला हा पट्टा जंतूला सर्वांत मानवतो. खाद्यसुरक्षेच्या नियमांत गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवायला सांगितलेले असते, ते याच कारणासाठी. त्या दोन आकड्यांच्या मधे पदार्थ जितका कमी वेळ राहील तितके चांगले.

फ्राईड राईसला मोकळा, निवालेला भातच लागतो, गरम भात कढईत चिकटतो, हे मला ठाऊक आहे. तेव्हा भात निववू नका असे मी म्हणत नाही. तो लवकर निववा, असे म्हणते. निथळलेला भात डब्यात न भरता दोन-तीन मोठ्या पराती किंवा ट्रेंमध्ये दोन बोटे जाडीचा पसरावा, वर पातळ स्वच्छ कापड टाकावे आणि पंख्याखाली ठेवावे. जाडी कमी असल्यामुळे मधली ऊब कोंडून राहत नाही आणि सुमारे तासाभरात भात खोलीइतका गार होतो. त्यानंतर तो फ्रीजमध्ये किंवा बर्फ घातलेल्या खोक्यात ठेवावा, आणि गाडीवर नेतानाही त्याच खोक्यातून न्यावा. मासे विकणारे जे थर्माकोलचे खोके वापरतात तसेच नवे, कोरे खोके यासाठी पुरते. भाताच्या पिशव्या चपट्या बांधाव्यात, बर्फ खाली आणि वर दोन्हीकडे असावा, आणि बर्फाचे पाणी भातात शिरणार नाही याची काळजी घ्यावी.

खोका शक्य नसेल तर भात दोन हप्त्यांत शिजवावा. सहा वाजताच्या गर्दीसाठी एकदा आणि साडेनऊनंतरच्या बसगाड्यांसाठी दुसऱ्यांदा. दोन तासांत संपेल इतकाच भात बाहेर उघडा असावा. यात त्रास आहे, गॅसही थोडा जास्त जातो. तरी रात्री बारापर्यंत एकच भात चालवण्यापेक्षा हे बरे, कारण जंतूची वाढ रांगेने होत नाही, ती दुपटीने होते, आणि शेवटच्या दोन तासांत जितके जंतू वाढतात तितके आधीच्या सगळ्या तासांत मिळून वाढलेले नसतात.

रात्री उरलेला भात दुसऱ्या दिवशीच्या ताज्या भातात मिसळणे ही मात्र सर्वांत वाईट सवय आहे आणि ती सरसकट आढळते. कालच्या भातात विष असेल तर ते आजच्या सगळ्या भातात पसरते, आणि कालचे जंतू आजच्या कोमट भातात पहिल्या तासापासूनच वाढू लागतात. रात्रभर डब्यात बाहेर राहिलेला भात विकू नये. तो टाकून देताना जिवावर येते, हे मी जाणते. ज्या घरात उरलेला भात सकाळी फोडणीला टाकतात त्या घरातली मी आहे. घरचा फोडणीचा भात बहुतेक वेळा बाधत नाही याची कारणे साधी आहेत: तो वाटीभरच असतो, लहान भांड्यात लवकर गार होतो, आणि प्रत्येक बीजाणू विष करणाऱ्या जातीचा नसतो. मोठ्या डब्यात दहा-बारा तास कोमट राहिलेल्या पाच किलो भाताला यातले पहिले दोन बचाव लागू होत नाहीत, आणि तिसऱ्याच्या भरवशावर धंदा करता येत नाही. घरीसुद्धा उन्हाळ्यात तो भात रात्रीच फ्रीजमध्ये जावा, दुसऱ्या दिवशीच संपावा आणि एकदाच गरम व्हावा, असे मी माझ्या सुनेला सांगते.

आता अंड्याकडे वळते. इथे आच खरोखर तुमची मैत्रीण आहे. साल्मोनेला ७० अंशांच्या आसपास लगेच मरतो. त्यासाठी भुर्जीत पाण्यासारखा ओला चकाकता भाग उरू नये आणि ऑम्लेट घडी घालण्याआधी वरून आवळलेले असावे, इतके पुरते. अंड्याचा धोका आचेच्या आधी आणि आचेच्या बाजूला असतो.

मी एका संध्याकाळी एका गाडीसमोर अर्धा तास उभी राहून फक्त त्या दादांचा उजवा हात पाहत होते. त्यांनी अंडे पेल्याच्या काठावर फोडले, टरफलाच्या आतून अंगठा फिरवून राहिलेला पांढरा बलक काढला, टरफल बादलीत टाकले आणि त्याच बोटांनी चिरलेली कोथिंबीर उचलून शेजारच्या तयार ताटावर भुरभुरली. पुढच्या ताटाला त्याच हाताने कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. अर्ध्या तासात हे सतरा वेळा झाले आणि हात एकदाही धुतला गेला नाही. मधेमधे तो गाडीवरच्या फडक्याला पुसला जात होता, आणि तेच फडके ताटेही पुसत होते. कोंबडीची विष्ठा टरफलाला लागलेली असते, त्यात साल्मोनेला असू शकतो, आणि कोथिंबीर पुन्हा कढईत जात नाही. भट्टीची आच कितीही मोठी असली तरी त्या चिमूटभर कोथिंबिरीपर्यंत ती पोहोचत नाही.

यावर उपाय म्हणजे कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि कोबी यांसाठी चिमटा किंवा लांब दांड्याचा चमचा ठेवावा, आणि अंडी फोडणारा हात तिकडे जाऊच नये. दोन माणसे असतील तर अंडी एकाने फोडावीत आणि ताटे दुसऱ्याने लावावीत. तोटीचा वीस लिटरचा कॅन, साबण आणि खाली बादली एवढे गाडीच्या मागच्या बाजूला ठेवता येते. फडक्याऐवजी ताटे वाळवायला जाळीची टोपली चांगली.

अंडी आणल्याबरोबर बादलीत बुडवून धुण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. हेतू चांगला आहे, परंतु परिणाम उलटा होतो. टरफलाला हजारो बारीक छिद्रे असतात आणि त्यांवर कोंबडीनेच दिलेला एक पातळ थर असतो. धुताना तो थर निघतो, आणि गार पाण्यात कोमट अंडे बुडवले की आतला भाग किंचित आकसून बाहेरचे घाण पाणी छिद्रांतून आत ओढले जाते. म्हणून साठवायची अंडी धुऊ नयेत. फार माखलेली अंडी ट्रे घेतानाच परत करावीत. तडकलेली अंडी स्वस्त मिळतात म्हणून भुर्जीसाठी घेतली जातात, ती तर मुळीच घेऊ नयेत, कारण तडा म्हणजे जंतूला उघडलेला दरवाजा. फ्रीजमधली अंडी बाहेर काढून पुन्हा आत ठेवू नयेत. त्यांना घाम सुटतो आणि तो ओलावाही जंतूला आत नेतो. एकतर ती वापरेपर्यंत थंड ठेवावीत, नाहीतर सावलीत ठेवून दोन-चार दिवसांत संपवावीत.

गर्दीच्या वेळी हाताशी असावे म्हणून वीस-पंचवीस अंडी आधीच फेटून स्टीलच्या डब्यात ठेवण्याची सवय मला अंड्यांविषयीच्या सगळ्या सवयींत अधिक धोक्याची वाटते. अखंड अंड्यात पांढऱ्या बलकाने जंतूला अडवून धरलेले असते. त्यात लोहाला घट्ट धरून ठेवणारे एक प्रथिन आहे, आणि लोहाशिवाय जंतूला वाढता येत नाही. पिवळ्या बलकात मात्र लोह भरपूर असते. फेटले की दोन्ही एकत्र होतात आणि अडथळा मोडतो. समजा, पंचवीसपैकी एका अंड्यात दहा जंतू होते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी ते अर्ध्या तासाला दुप्पट होतात असे धरले, तर सहा वाजता फेटलेल्या डब्यात अकरा वाजेपर्यंत दहा दुपटी होतात, म्हणजे दहाचे दहा हजार. आता एका अंड्याचा दोष पंचवीस अंड्यांत वाटला गेला आहे आणि डब्याचा काठ, पळी आणि हात सगळेच त्याने माखले आहेत. ऑर्डर आल्यावरच अंडे फोडावे. त्यात प्रत्येक ताटामागे काही सेकंद जातात, तेवढी गिऱ्हाईके थांबतात.

हाफफ्रायविषयी माझे मत कडक नाही, परंतु स्पष्ट आहे. पातळ पिवळा बलक म्हणजे न शिजलेला बलक. धडधाकट माणूस ती जोखीम स्वतःची स्वतः घेऊ शकतो. लहान मूल, गरोदर बाई आणि वयस्कर माणूस यांच्यासाठी मागणी आली तर "चांगले शिजवूनच देतो" असे आपण म्हणावे. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजविषयी मात्र मी कडक आहे. त्याला आच कधीच लागत नाही, आणि ते मोमो किंवा रोलसोबत तासन्‌तास बाहेर असते. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये त्यावर एक वर्षाची बंदी घातली. आपण कायद्याची वाट न पाहता अंडे नसलेले, कारखान्यातून बंद पाकिटात आलेले मेयोनीज वापरावे आणि पाकीट उघडल्यावर ते बर्फात ठेवावे.

प्रवाशांना होणाऱ्या जुलाबांपैकी बराच मोठा भाग ना अंड्याचा असतो ना भाताचा. ई. कोलाय या जंतूच्या काही जाती विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून आणि न धुतलेल्या हातांतून येतात आणि एक-दोन दिवसांत पाण्यासारखे जुलाब होतात. गावच्या माणसाला ज्याचा फारसा त्रास होत नाही तेच परगावाहून आलेल्याला आडवे पाडते. परदेशातून सुट्टीला आलेली आपली मुले आजोळी आजारी पडतात ती यामुळे. म्हणून पिण्याच्या पिंपात पेला बुडवू देऊ नये, पिंपाला तोटी असावी. हिरवी चटणी थोडी थोडी वाटावी आणि ती पाण्याने पातळ करायची तर उकळलेल्या पाण्याने करावी. तेलात शिजवलेली शेजवान चटणी त्या मानाने पुष्कळ सुरक्षित असते.

मी स्वतः अनोळखी स्थानकावर गाडी कशी निवडते ते सांगते, कारण अशीच पाहणारी गिऱ्हाईके आता वाढत आहेत. गर्दी मी पाहते, कारण गर्दीच्या गाडीवर माल बसून राहत नाही. मग भाताचा डबा पाहते. तो भट्टीशेजारी उघडा आणि काठोकाठ भरलेला असेल तर मी राईस मागत नाही, माझ्यासमोर फोडलेल्या अंड्यांची भुर्जी आणि तव्यावर भाजलेला पाव मागते आणि कांदा नको म्हणते. ताट ओले असेल तर कागदावर घेते. दुकानदाराचा हात कॅनच्या तोटीकडे एकदा जरी गेलेला दिसला तरी मी पुढच्या वेळी त्याच गाडीवर येते.

आपल्याकडे एक मागणी अशी आहे की जी संघटनेशिवाय पुरी होणार नाही. ज्या गाडीवाल्याला किंवा मदतनिसाला स्वतःला जुलाब लागले आहेत त्याने जुलाब थांबल्यानंतरही ४८ तास अन्नाला हात लावू नये. साल्मोनेला बरे वाटल्यावरही काही काळ शौचातून जात राहतो. पण रोजच्या कमाईवर चालणारा माणूस दोन-तीन दिवस गाडी कशी बंद ठेवील? संघटनेच्या निधीतून त्याला त्या दिवसांची रोजी द्यावी किंवा बदली माणूस पाठवावा. हे झाले तर लोक आजार लपवणार नाहीत.

आणि गाडीवरून खाऊन गेलेला कोणी दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आलाच, तर त्याच्याशी वाद घालण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: खाल्ल्यावर किती तासांनी त्रास झाला, आणि ताप होता का? काही तासांतच उलट्या झाल्या असतील तर आपला भात तपासा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तापासह जुलाब झाले असतील तर आपली अंडी, हात आणि पाणी पाहा. त्याला जलसंजीवनीचे पाकीट द्यावे. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यायला सांगावे. शौचातून रक्त पडत असेल, ताप चढलेला असेल, लघवी कमी झाली असेल किंवा मूल मलूल पडले असेल, तर लगेच दवाखान्यात जायला सांगावे आणि जुलाब बंद करणारी गोळी मनाने देऊ नये.

टोक खुपसायचा तापमापक काही शे रुपयांत मिळतो. संघटनेने प्रत्येक स्थानकासाठी एक घेतला आणि आठवड्यातून एकदा रात्री आठ वाजता प्रत्येक गाडीचा भात मधोमध मोजून आकडा वहीत लिहिला, तर महिनाभरात कोणाची परात उपयोगी पडली आणि कोणाचा डबा कोमटच राहिला हे आपले आपल्यालाच दिसेल. माझ्याकडे दोन तापमापक आहेत. ज्या संघटनेला हवे असेल तिने बोलवावे. मी सोमवारी संध्याकाळी येईन आणि पहिल्या चार आठवड्यांची मोजणी आपल्यासोबत करीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि आपल्या गाड्यांवरची नेहमीची गिऱ्हाईक